दीड फुटाचा छज्जा कोणत्या खिडकीला पुरतो?

पुण्याच्या पूर्वेकडे एका दुमजली घराचं काम चालू होतं. स्लॅबच्या आधी खिडक्यांवरच्या आडव्या तुळईचं, म्हणजे लिंटलचं, सेंटरिंग लागत होतं, तेव्हा ठेकेदाराने मला विचारलं, "मॅडम, छज्जे सगळीकडे दीड फूट धरलेत. चालेल ना?" घराचे मालक, काका, शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "अगं, पश्चिमेची खोली आमची झोपायची आहे. तिथे अर्धा फूट वाढवून टाक. ऊन येणार नाही मग."

प्रश्न दोघांचाही रास्त होता, पण दोघंही एकच गृहीत धरून बोलत होते: छज्जा जितका बाहेर, तितकं ऊन कमी. दक्षिणेच्या खिडकीसाठी हे बरंचसं खरं आहे. पश्चिमेच्या खिडकीसाठी ते इतकं अपुरं आहे, की अर्ध्या फुटाच्या सळ्या आणि काँक्रीट जवळजवळ वायाच जातात. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर घराच्या संगणकीय मॉडेलवर ऊन-सावलीचा अभ्यास करतात. तो कसा करायचा, त्यातून छज्जाचा आकडा कसा निघतो आणि कुठे निघतच नाही, ते याच घराच्या दोन खिडक्या घेऊन सांगते. दोन्ही खिडक्या चार बाय चार फुटांच्या, म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर उंच.

छत्री आणि आडवा पाऊस

पाऊस सरळ वरून पडत असेल तर लहान छत्रीही पुरते. वारा सुटला, पाऊस आडवा झाला, की तीच छत्री डोक्यावर असूनही आपण गुडघ्यापर्यंत भिजतो. मग आपण मोठी छत्री शोधायला जात नाही, हातातलीच पुढे तिरकी धरतो.

छज्जा ही खिडकीची छत्री. ऊन डोक्यावरून येत असताना लहान छज्जाची सावलीही लांबवर खाली उतरते. ऊन आडवं झालं की सावली वर वर सरकते आणि काच उघडी पडते. म्हणून छज्जाची खोली ठरवताना पहिला प्रश्न असा: या भिंतीसमोर उभं राहिलं तर ऊन किती तिरकं येतं?

या तिरकेपणाला छायाकोन म्हणतात. भिंतीला बाजूने पाहिलं तर उन्हाची रेघ आडव्या रेषेशी जो कोन करते, तो छायाकोन. तो आणि आकाशातली सूर्याची उंची एकच नव्हेत, कारण सूर्य भिंतीच्या समोर नसून कडेला असला की छायाकोन त्याच्या उंचीपेक्षा मोठा होतो. एवढा एकच शब्द या लेखात लागेल, आणि त्याचं सूत्रही एका ओळीत बसतं:

```
D = H / tan(θ)
```

`H` म्हणजे खिडकीची उंची, `θ` म्हणजे छायाकोन आणि `D` म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत ठेवायला लागणारी छज्जाची खोली.

मॉडेलला आधी पुण्यात आणा

मॉडेल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतं. मी स्केचअप वापरते. भिंती, खिडक्या, छज्जे आणि आसपासच्या इमारतींचे साधे ठोकळे एवढं पुरतं. आतली टाइल्सची नक्षी नको. मग `Shadows` चालू करायचं आणि तारीख-वेळेची पट्टी सरकवायची. सावल्या हलू लागतात. इतकं सोपं असल्यामुळेच इथे चुका होतात, कारण सावली चुकीची असली तरी दिसायला तितकीच खरी दिसते.

पहिली चूक ठिकाणाची. स्केचअपच्या तयार साच्यांत अनेक वर्षं अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातलं बोल्डर हे शहर ठरवलेलं असायचं. त्याचा अक्षांश ४०, पुण्याचा साडेअठरा. `Geo-location` मध्ये जाऊन जागा बदलली नाही, तर तुमचं घर पुण्याचं आणि सूर्य बोल्डरचा. तिथल्या सूर्याने मोजलं तर दक्षिणेच्या खिडकीला मार्चमध्ये एक मीटरचा छज्जा लागतो. पुण्यात ४० सेंटिमीटर पुरतो.

दुसरी चूक घड्याळाची. वेळेच्या खान्यात `UTC+05:30` हवं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला आहे. म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास; कधी त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, कधी तितकीच नंतर. मॉडेलमध्ये बारालाच सावली बरोबर उत्तरेकडे जाताना दिसली तर घड्याळ चुकलंय.

तिसरी चूक उत्तरेची. कागदावर नीट बसावं म्हणून नकाशा बऱ्याचदा फिरवून काढलेला असतो. रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी `Project North` आणि `True North` असे दोन वेगळे पर्याय आहेत आणि सावलीला दुसराच लागतो. साइटवर उत्तर शोधताना मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका, सळ्यांच्या ढिगाजवळ तो भरकटतो. ओळंबा टांगून हिवाळ्यातल्या मध्यान्हीची त्याची सावली आखावी, ती खऱ्या उत्तरेकडेच जाते.

हे तिन्ही एकदम तपासायची माझी पद्धत साधी आहे. मॉडेलच्या अंगणात एक मीटरची काठी उभी करते. २१ मार्चला दुपारी १२ वाजून ४२ मिनिटांनी तिची सावली बरोबर उत्तरेला आणि सुमारे ३३ सेंटिमीटर लांब यायला हवी. ८४ आली तर समजा तुम्ही अजून बोल्डरलाच आहात. मग १३ मेला साडेबारा वाजता पाहते. त्या सुमारास पुण्यात शून्य सावली दिवस असतो, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. मॉडेलमधल्या काठीची सावलीही तेव्हा जवळजवळ नाहीशी झाली पाहिजे. झाली, तरच पुढच्या आकड्यांना अर्थ आहे.

दक्षिणेची खिडकी: इथे छज्जा खरंच काम करतो

२१ मार्चला मॉडेलमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत पट्टी सरकवून दक्षिणेची भिंत पाहा. लांब छज्जाची सावली दिवसभर एकाच उंचीवर राहते, वर-खाली होतच नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खोटं वाटतं. पण विषुवदिनाला सूर्य पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळेपर्यंत ज्या तिरक्या प्रतलात फिरतो, त्याचा दक्षिण भिंतीशी येणारा छायाकोन बदलत नाही. पुण्यात तो साडेएकाहत्तर अंश. सूत्रात घातला की १२० सेंटिमीटरच्या खिडकीला ४० सेंटिमीटर छज्जा पुरतो. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेला जातो, त्यामुळे मार्चच्या अखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ही खिडकी निर्धास्त.

मग ४० वरच का थांबायचं नाही? ऑक्टोबरमुळे. १५ ऑक्टोबरला भर दुपारी छायाकोन ६३ अंशांवर आलेला असतो आणि दुपारी तीनला साठाच्या जवळ. ४५ सेंटिमीटर छज्जाची सावली तेव्हा ८० ते ९० सेंटिमीटरच उतरते. खिडकीचा खालचा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग उन्हात राहतो. ६० सेंटिमीटर केला तर दुपारी जवळजवळ पूर्ण खिडकी झाकते आणि तीनलाही फक्त तळाची वीतभर पट्टी उघडी राहते.

आणि डिसेंबर? २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य फक्त ४८ अंशांवर असतो. ६० सेंटिमीटर छज्जाची सावली ६७ सेंटिमीटरवर संपते, खालून साधारण पन्नास सेंटिमीटर ऊन आत येतं. पुण्याच्या थंडीत ते हवंसंच वाटतं. याहून खोल छज्जा केला तर आपण ते उगाच गमावू. म्हणून दक्षिणेला ६० सेंटिमीटर ठरलं.

आता यातली गंमत. हे ६० सेंटिमीटर काचेपासून मोजायचे असतात, भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून नाही. आमची भिंत नऊ इंची आहे. काच भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर आत बसवली, तर तेवढी खोली भिंतच देते आणि छज्जा भिंतीबाहेर ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूटच लागतो. ठेकेदाराचा अंदाज दक्षिणेला बरोबर निघाला. फक्त सरकती खिडकी बाहेरच्या कडेला बसवायची त्याची नेहमीची पद्धत बदलावी लागली.

मग सूत्र पुरे, मॉडेल कशाला?

हा आक्षेप मला अनेकदा ऐकू येतो, आणि आत्तापर्यंतचं गणित वहीत झालं हे खरं आहे. पण सूत्र असं मानतं की छज्जा दोन्ही बाजूंना अनंत लांब आहे. खराखुरा छज्जा खिडकीच्या रुंदीएवढाच असतो.

१५ ऑक्टोबरला दुपारी तीनला सूर्य नैऋत्येकडे कललेला असतो. मॉडेलमध्ये बघितलं तर ६० सेंटिमीटर छज्जाच्या पुढच्या कडेची सावली सुमारे एक मीटर पूर्वेकडे सरकलेली दिसते. खिडकीच्या पश्चिम बाजूला उन्हाचा मोठा त्रिकोण उघडा पडतो. सूत्र म्हणतं खिडकी जवळजवळ झाकली आहे, मॉडेल दाखवतं की बरीच उघडी आहे. उपाय दोन: छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना पुढे न्यायचा, किंवा पश्चिम कडेला एक उभी पाटी द्यायची. आमच्याकडे शेजारी आणखी एक खिडकी होती, म्हणून दोन्हींवरून एकच सलग छज्जा नेला आणि शेवटच्या टोकाला उभी पाटी दिली. हा निर्णय मॉडेलशिवाय सुचला नसता.

पश्चिमेची खिडकी: इथे आकडे हाताबाहेर जातात

आता काकांच्या झोपायच्या खोलीकडे. तारीख १ मे. पट्टी दुपारी दोनवर ठेवली तर पश्चिमेची पूर्ण खिडकी झाकायला ४७ सेंटिमीटर छज्जा पुरतो. इथपर्यंत छान. तीनला लागतो ८६ सेंटिमीटर. चारला १ मीटर ४२. पाचला जवळजवळ अडीच मीटर. सहाला साडेपाच मीटर, म्हणजे खिडकीवर एक अख्खी खोली लटकवावी लागेल.

हे काकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या अर्ध्या फुटाने काय झालं असतं?" मी दीड फूट आणि दोन फूट शेजारी शेजारी ठेवून चार वाजताची सावली दाखवली. दीड फुटाच्या छज्जाची सावली ३८ सेंटिमीटर, दोन फुटाची ५१. चार फुटांच्या खिडकीवर वाढली ती फक्त १३ सेंटिमीटर. पाचला तर फरक जेमतेम आठ सेंटिमीटर.

पश्चिमेचं ऊन जास्त का भाजतं, तेही इथेच समजतं. भर दुपारचा सूर्य दक्षिणेच्या उभ्या काचेला घासून जातो. संध्याकाळी पाचचा सूर्य क्षितिजापासून फक्त २६ अंश वर असतो आणि पश्चिमेच्या काचेवर जवळजवळ समोरून आदळतो. साध्या एकेरी काचेतून त्या उष्णतेचा सुमारे ८० टक्के भाग आत जातो, आणि तोही दिवसभर भिंती तापून झाल्यावर.

"पडदा लावू की!"

पडदा उजेड अडवतो. उष्णता मात्र काच ओलांडून आधीच घरात आलेली असते. पडदा तापतो आणि खोलीच तापवतो. थोडीच उष्णता काचेतून परत बाहेर जाते. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या गॅलरीत बांबूची चिक बाहेरच्या बाजूला टांगतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. सावली काचेच्या बाहेरच पडली पाहिजे.

समोरची इमारत हाही छज्जाच

आतापर्यंत घर मोकळ्या माळावर आहे असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात पश्चिमेला, बारा मीटरवर, पंधरा मीटर उंचीची पाच मजली इमारत आहे. तिचा ठोकळा मॉडेलमध्ये ठेवल्याबरोबर चित्र बदललं. तळमजल्याच्या पश्चिम खिडकीसमोरून १ मेचा सूर्य साडेतीनच्या जरा आधीच इमारतीमागे जातो. वरच्या मजल्याच्या खिडकीसमोरून तो चारच्या सुमारास जातो.

म्हणजे सहाच्या सूर्यासाठी साडेपाच मीटरचा छज्जा हा प्रश्नच उरला नाही. खरा प्रश्न असा झाला: खाली साडेतीनपर्यंत आणि वर चारपर्यंत सावली कशी द्यायची? एकाच घरात, एकाच भिंतीवर, दोन मजल्यांना दोन उत्तरं. बहुमजली इमारतीत तर फरक आणखी वाढतो. सातव्या मजल्याला मावळतीपर्यंत ऊन असतं आणि दुसऱ्याला दुपारनंतर मिळतच नाही. तरी छज्जे सगळीकडे एकाच मापाचे ओतले जातात.

समोरची इमारत पाडून उंच बांधली गेली तर सावली वाढेल, त्याने आपलं बिघडत नाही. पण शेजारच्या झाडावर मी कधी हिशेब बेतत नाही. छाटणी एका सकाळची असते, छज्जा पन्नास वर्षांचा.

खोली वाढवू नका, उंची तोडा

सूत्राकडे पुन्हा पाहा. छज्जाची खोली खिडकीच्या उंचीच्या प्रमाणात ठरते. उंची निम्मी केली तर खोलीही निम्मी लागते. मग १२० सेंटिमीटरच्या खिडकीवर १४२ सेंटिमीटरचा एकच छज्जा देण्याऐवजी तिच्यासमोर दर दहा सेंटिमीटरवर एक आडवी पट्टी दिली तर? प्रत्येक पट्टीला फक्त दहा सेंटिमीटर सांभाळायचे आहेत, त्यामुळे तिची खोली १२ सेंटिमीटर पुरते. बारा पट्ट्या मिळून तीच सावली, आणि भिंतीबाहेर पसारा वीतभरही नाही.

वरच्या मजल्याला आम्ही हेच केलं. छज्जा पावसासाठी दीड फूट ठेवला आणि काचेबाहेर आडव्या पट्ट्यांची चौकट बसवली. चौकट बिजागरीवर आहे, कारण पट्ट्यांवर धूळ साठते आणि काचही पुसावी लागते. किंमत एकच: पट्ट्यांमधून बाहेरचं दृश्य तुटक दिसतं. काकूंना ते आधी आवडलं नाही. समोर पाच मजली इमारतीच्या संडासाच्या खिडक्याच दिसणार आहेत हे मॉडेलमध्ये पाहिल्यावर त्यांची हरकत राहिली नाही.

तळमजल्याला पट्ट्या लागल्या नाहीत. तिथे छज्जा दोन फूट केला. काच १५ सेंटिमीटर आत असल्याने एकूण खोली ७५ सेंटिमीटर झाली. साडेतीनच्या आधीच्या सगळ्यात वाईट क्षणीही ८४ सेंटिमीटर खिडकी सावलीत राहते, आणि पुढच्या काही मिनिटांत सूर्य इमारतीमागे जातो. याहून फार मोठा छज्जा करायला नियमही आडवे येतात. राष्ट्रीय इमारत संहिता मोकळ्या सोडलेल्या जागेवर सहसा पाऊण मीटरपर्यंतच छज्जा येऊ देते. स्थानिक नियमावली वेगळी असू शकते, ती बघूनच नकाशा करावा.

सूर्याचं आणि उकाड्याचं कॅलेंडर वेगळं

अभ्यास कितीही नीट केला तरी एक गोष्ट छज्जाला जमत नाही. २१ फेब्रुवारी आणि २१ ऑक्टोबर या दोन दिवशी सूर्याची वाट सारखीच असते. फेब्रुवारीची सकाळ पुण्यात गोड असते, ऑक्टोबरची दुपार काहिली करते. १३ मे आणि ३० जुलै यांचंही तसंच: सूर्य तोच, पण जुलैत ढग असतात आणि सावलीची गरजच नसते. छज्जाला तारीख कळत नाही. ऑक्टोबर झाकायचा तर फेब्रुवारीही झाकला जातो. कोणता महिना सोडायचा, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. घरात राहणाऱ्यांना विचारावं लागतं. काकूंनी ऑक्टोबर निवडला, कारण दुपारी त्या दक्षिणेच्या खोलीतच शिवण करतात.

आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. मॉडेल फक्त थेट उन्हाची सावली दाखवतं. ढगाळ आकाशातून येणारा पसरलेला प्रकाश, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा काचेवरून परतलेलं ऊन, तापलेली हवा यांचा त्यात हिशेब नसतो. सावलीत दिसणारी खिडकी गार असेलच असं नाही.

काँक्रीट ओतण्याआधी

शेवटची तपासणी साइटवर. १ मेच्या दुपारी वरच्या मजल्याच्या पश्चिम भिंतीवर लिंटलच्या उंचीला दीड फूट रुंदीची प्लायची फळी आडवी ठोकली आणि चार वाजता भिंतीवरची सावली टेपने मोजली. मॉडेल ३८ म्हणत होतं, टेपवर ३७ आले. ठेकेदाराने पेन्सिलने त्या कडेवर रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली. पाचला पुन्हा मोजायला गेलो तर सावली नव्हती, ऊनही नव्हतं. सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला होता.